लंगडं ढोर पुढं

४ जाने., रविवार

दुकान बंद. सकाळपासून टपरीवर. म्या दिन्याची चाल काढून दाखवली. उजवा पाय ताठ, मंग कंबरेतून झोका, मंग थप्प. विक्कीच्या नाकातून चहा निंगाला. तो रव्याच्या मांगं मांगं फिरते, रव्या हासला का हासते, पण आज रव्याच्या आधी हासला.

रव्या म्हणे, "तू इथं चाल काढून राह्यला, तो तं दसऱ्यापासून घराबाहेर नाही. जिता हाय का ते पाह्य."

जिता हाय. पावसात पुसद रोडवर गाडी घसरली, मांडीत रॉड टाकला. दसऱ्याले काठी घेऊन पहिल्यांदा स्टँडवर आलता. मी त्याच्या मांगून तसाच चाललो, थप्प थप्प. अख्खं स्टँड हासलं. त्यानं मांगं पाह्यलं, मी मोबाइल पाहून राह्यलो असं केलं. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. फोन बंद. पोट्टं लय नाजूक.

रव्यानं पैज लावली. दिन्याले घरातून काढाचं, रस्त्यावर, चालत. जमलं तं सावजी मटण, पोट फुटेपर्यंत. नाही जमलं तं मी सहा महिने टपरीवर रव्याले चहा आणून देईन आन "घ्या मालक" म्हणीन.

मले "मालक" म्हणाचं नाही.

५ जाने.

दुकान बंद झाल्यावर दिन्याच्या घरी गेलतो. मावशी कापूस वेचून आलती, डोक्यात किडक्या बोंडाची कवडी अडकलेली. दिन्याची माय, पण मी लहानपणापासून मावशीच म्हणतो. म्हणे, "पवन, तूच सांग बाप्पा त्याले. पुसदचा डॉक्टर म्हणते रोज चाललास तं पाय मोकळा होईन, नाही चाललास तं गुडघा असाच धरून राहीन, मंग पुन्हा ऑपरेशन. आयकतच नाही. पोट्टे हासते म्हणते."

"कोणते पोट्टे?" मी म्हणलं.

"नाव नाही सांगत."

आतली खोली बंद. म्या दार वाजवलं. "कोण?" "पव्या." पाच मिनिटं उभा होतो. आतून पंख्याचा आवाज. जानेवारीत पंखा, म्हणजे बाहेरचं आयकू येऊ नये म्हणून.

बोलून होत नाही. कागद पाह्यजे. कागद वाचल्याशिवाय राह्यवत नाही माणसाले.

६ जाने.

कुठं न्यावाचं ते ठरलं. माहूर, पायी. महागाववरून गुंज, धनोडा, पूल, घाट. सामानाले आमच्या दोस्ताची, अमीनची गाडी. दोन दिवस. यातच सगळी मजा हाय.

घरी आबाले इचारलं, माह्या आज्याले. आबा तरणेपणी बैलं घेऊन बाजारोबाजारी पायी जाये, पन्नास पन्नास ढोरं. म्हणलं आबा, किती चालते माणूस दिवसाले? म्हणे, "माणसाचं नको सांगू. कळपाचं सांगतो. लंगडं ढोर पुढं."

"पुढं?"

"पुढंच. मांगं ठेवलं का धडधाकट निंगून जातात, लंगडं राह्यते, रातच्याले कोल्हे खातात. पुढं ठेवलं का कळप त्याच्या चालीनं चालते. सगळे पोचतात."

हे आयकलं आन माह्या डोक्यात बल्ब पेटला. दिन्या पुढं. आमी तिघं मांगं, लाईनीत, तिघंही त्याची चाल काढत. त्याले दिसणार नाही. पुढच्याले मांगचं दिसत नाही. मी सगळ्यात शेवटी, मोबाइल घेऊन. महागाव ते माहूर.

रव्याले सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मंग म्हणे, "पव्या, तू नरकात जाशीन."

मटण दुप्पट केलं त्यानं.

७ जाने.

कागद लिवला. दुकानाच्या बिलबुकाच्या मांगच्या बाजूनं. चार पानं. इथं उतरवून ठेवतो, लय मस्त झाला.

"दिन्या,

फोन बंद ठेवते म्हणून कागद. शाळेत निबंध मी तुहाच पाहून लिवला, तवा चुका निंगाल्या तं तुह्याच समज.

आमी माहूरले जाऊन राह्यलो, पायी. १७ तारखेले शनिवारी सकाळी निघाचं, रविवारी दुपारी किल्ल्यावर. मी, रव्या, विक्की. अमीन त्याच्या मामाचा छोटा टेम्पो घेऊन. तू पाह्यजे.

तू म्हणशीन माह्यानं होत नाही. आधी आयक, मंग नाही म्हण.

चाल तुही. तू सगळ्यात पुढं, तुह्या पुढं कोणी जाणार नाही, असा नेम केला. ही दया नाही, हिशेब हाय. जोरात चालणारा पुढं ठेवला का तो थांब्यावर आधी पोचते, बसते, त्याचा आराम होते. मांगचा धापा टाकत पोचला का हा म्हणते चला निघू. म्हणजे ज्याले आराम पाह्यजे त्यालेच भेटत नाही. हळू माणूस पुढं असला का लाईन तुटत नाही आन सगळ्याईले सारखा आराम. आबाचं हे पन्नास वर्साचं ज्ञान हाय.

पहिला घंटा एकदम सावकाश, आंग गरम होईपर्यंत. मंग घंट्याघंट्यानं थांबाचं, पण जास्त बसाचं नाही. पाणी प्यावाचं, पाय झटकाचे, निघाचं. बसलं ढोर उठत नाही. दुपारी गुंजच्या पुढं झाडाखाली जेवाचं आन ऊन उतरेपर्यंत लंब व्हाचं. मुक्काम धनोड्याले, अमीनच्या खालाच्या, त्याच्या मायच्या बहिणीच्या, आंगणात. पहिल्या दिवशी जास्त चाल, दुसऱ्या दिवशी कमी, कारण घाट दुसऱ्या दिवशी हाय आन घाट ताज्या पायानं चढाचा असते.

बॅगा, चादरी, पाणी, सैपाकाचा गंज, सगळं गाडीत. आपण रिकाम्या हातानं. गाडी दर वेळी पुढच्या थांब्यावर उभी. तुहा पाय दुखला तं बसून जाय, कोणी शब्द बोलणार नाही.

पैशाचं. गाडी दोन्ही दिवस, डिझेल धरून, येतानीचं धरून दोन हजार. गाडीले तीन माणसं काय आन चार काय, भाडं तेवढंच. चार झालो तं पाचशे पाचशे. तू नाही आला तं आमचं वाढते, म्हणून आमाले तुही गरज हाय, उपकार नाही. जेवणाची कॉन्ट्री दोनशे डोकशापरमानं. अमीन गाडी चालवते म्हणून त्याच्याकडून घेवाचं नाही, तो आपल्याच गंजात जेवीन. उरले तं सारखे वाटाचे. गुरुवारपर्यंत नाही म्हणलास तं सगळे पैसे वापस. त्याच्यानंतर नाही म्हणलास तं जेवणाचे वापस, गाडीचे नाही, कारण गाडी ठरलेली राह्यते. मधात गाडीत बसला तं एक रुपया जास्त नाही.

नवा जोडा घालू नको. पायात बसलेला जुनाच घाल.

दिन्या, खोलीत बसून पाय मोकळा होत नाही आन माणूसही नाही. ये. तुह्याशिवाय मजा नाही.

पव्या"

शेवटची ओळ तं एकदम खरी हाय. लिवून झाल्यावर वाचलं तं मलेच जावंसं वाटलं. म्हणजे काम झालं.

८ जाने.

कागद मावशीच्या हातात दिला. मावशीले वाचता येत नाही. म्हणे, "वाच ना, आयकू दे." म्या मोठ्यानं वाचला, आतल्या दाराकडं तोंड करून. "ही दया नाही, हिशेब हाय" इथं आतला पंखा बंद झाला. मी मनात म्हणलं, लागला गळाले.

वाचून झालं तवा मावशी पदरानं डोळे पुसून राह्यली. म्हणे, "तुह्यासारखा दोस्त भेटाले नशीब लागते." मी दाताखाली गाल धरला होता. हासू आलं असतं तं गेलं होतं सगळं.

मुरमुऱ्याचा चिवडा खाल्ला. मस्त होता.

१० जाने.

दोन दिवस काही नाही. रव्या टपरीवर मले चहाचा कप दाखवून राह्यला, "मालक म्हणाची प्रॅक्टिस कर."

संध्याकाळी मावशी दुकानात माहाच कागद घेऊन आली, शेवटच्या पानावर खाली लिवलेलं. दिन्याचं अक्षर, शाळेतल्यासारखं, मोत्यावानी. चार सवाल:

घाटात गाडी कुठं थांबीन? वळणावर का वर?
पुढं मी असलो आन मले थांबाचं असलं तं कोण ठरवीन?
हळू म्हणजे कोणाच्या चालीनं हळू? मधात दुसऱ्याचा पाय दुखला तं?
सगळ्याईनं हे कबूल केलं का, का एकट्या पव्यानं?

पाह्य हे पोट्टं. खोलीत बसून वकील झालं. त्याच्याच खाली जवाब लिवला: गाडी दर मोठ्या वळणावर. कधी थांबाचं ते पुढचा ठरवीन. ज्याचा पाय दुखन तो पुढं, कोणी का असेना, तोच नेम. आन कबूल सगळ्याईले हाय.

खाली सगळ्याईच्या सह्या घेतल्या, मावशीले बसवून ठेवून. रव्यानं हासत केली. विक्कीनं रव्यानं केली म्हणून केली. अमीन गाडी धुऊन राह्यला होता, त्यानं आधी सगळं वाचलं.

"भाई, ये सच में ऐसाच करनेका है ना?"

"तुले काय कराचं? तू गाडी चालव."

त्यानं ओल्या हातानं सही केली. थोडी पसरली.

१४ जाने., संक्रांत

मावशी तिळगूळ घेऊन आली. "गोड गोड बोल बाप्पा," म्हणे. पदराच्या गाठीतून सातशे काढून दिले, वेचणीचे. नोटाईत कापसाची कवडी.

दिन्या पहाटे घरामांगच्या पायवाटेनं चालते म्हणे, चार दिवसापासून. आधी विहिरीपर्यंत, काल नाल्यापर्यंत. "रात्री पाय सुजते, पण गरम पाण्यात टाकून बसते. म्हणते माह्यामुळं लाईन थांबू नये."

"तुह्यामुळं?"

"त्याच्यामुळं. तसंच म्हणते तो. माह्यामुळं लाईन थांबू नये."

मी पैसे मोजून डब्यात टाकले. नवे पांढरे जोडे घेतले आज. व्हिडिओत दिसाले पाह्यजे.

१७ जाने., शनिवार. धनोडा

मोबाइलवर लिवून राह्यलो, मंग उतरवीन. पाय असे दुखून राह्यले का

सकाळपासून. दिन्या स्टँडवर आमच्या आधी. दाढी केलेली, काठी नाही. जुने काळे जोडे. मले पाह्यलं आन हासला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा त्याचं तोंड पाह्यलं, बारीक झालं. मावशी आलती सोडाले. ठेचा, भाकरी, शेंगदाण्याचे लाडू.

निंगालो. दिन्या पुढं, रव्या, विक्की, मी. गाव सुटलं आन रव्यानं पाय ताठ केला. झोका. थप्प. विक्कीनं धरलं. मंग मी. चारही जण एका तालात. मी शूटिंग घेऊन राह्यलो. काय सीन होता. वेचणीच्या बाया वावराच्या धुऱ्यावर उभ्या राहून हासल्या. ऊसाच्या ट्रॉलीवाल्यानं हॉर्न वाजवला. दिन्यानं त्याले हात केला, त्याले वाटलं आपल्यालेच शाबासकी. बायाईलेही हात केला. विक्की तोंडात रुमाल कोंबून राह्यला.

दिन्या मांगं न पाहता इचारे, "ठीक हाय ना चाल? जास्त हळू तं नाही?"

"एकदम बरोबर भाऊ," रव्या म्हणे. "अशीच ठेव."

थांब्यावर दिन्या सगळ्याईले पाणी दे. आपण शेवटी पिये. अमीन आमच्याकडं पाहून राह्यला.

एक गोष्ट ध्यानात आली. तसं चाललं का कंबर जाते. घंट्याभरात माह्या खुब्यात कळ. दिन्या रोज तसाच चालते. असो.

दुपारी गुंजच्या पुढं जेवलो, झोपलो. ऊन उतरल्यावर उठलो. पुन्हा लाईन. पुन्हा थप्प थप्प. अर्धा घंटा झाला असन, मोबाइलच्या पडद्यात पाह्यलं आन

सावल्या.

माहूर पूर्वेले. सकाळी ऊन तोंडावर, सावल्या मांगं. ते म्या धरलं होतं. दुपारनंतरचं धरलं नोतं. ऊन पाठीवर, सावल्या लांब लांब पुढं, दिन्याच्याही पुढं. डांबरावर चार सावल्या. चारही एकाच बाजूनं झोका घेऊन राह्यल्या.

दिन्याची मान खाली होती. तो पाहून राह्यला होता. किती वेळचा, देव जाणे.

म्या पाय सरळ केला. माही सावली सरळ झाली. रव्या आन विक्कीच्या नाही. म्या "शू शू" केलं तं विक्कीनं पाहून आखीन जोरात झोका घेतला, त्याले वाटलं शूटिंगसाठी म्हणून राह्यलो.

दिन्या थांबला नाही. मांगं पाह्यलं नाही. चाल तीच. धनोड्यापर्यंत चाल तीच.

खालाच्या आंगणात त्यानंच भाकरी वाढल्या. मले ठेचा दोनदा. झोपाच्या आधी म्हणे, "पव्या, उद्या तू माह्या लगत मांगं. शेवटी रव्या राहीन."

"काहून?"

"असंच."

टाचेत पाण्याचे फोड. नवे जोडे.

१९ जाने., सोमवार

काल लिवणं झालं नाही. आज घरी. दुकानात नाही गेलो.

रविवार सकाळ. पुलावर ऊन तोंडावर. पैनगंगेत पाणी कमी, दगडं दिसत. दिन्या कठड्याजवळ उभा राह्यला, पाणी पाह्यलं, आन निंगाला. मी त्याच्या लगत मांगं. चाल काढली नाही. काढता येतच नोती, दोन्ही टाचा सोलल्या होत्या.

घाट चालू झाला. दिन्यानं चाल अर्धी केली. मंग आखीन कमी. एक पाऊल, श्वास, दुसरं पाऊल. रव्या कावला. "अबे, माहूरले पुढच्या वर्षी पोचाचं हाय का?" बाजूनं पुढं निंगाला. दिन्यानं खिशातून कागद काढला. माहाच. घडी पडून पडून चिंध्या झालेला, खाली चार सह्या, एक पसरलेली.

"तुह्या पुढं कोणी जाणार नाही," त्यानं वाचलं. रागानं नाही. मावशीले म्या वाचून दाखवला होता ना, तसंच, तेवढ्याच मोठ्यानं. "सही हाय तुही."

"मजाक हाय का?"

"मले काय माहीत. मजाक असन तं सांग."

वळणावर अमीन गाडीले टेकून उभा होता. म्हणे, "रवि भाई, साइन किया है तो पीछे चलो." रव्या मांगं गेला. मी लाल झालो होतो, उन्हानं.

तिसऱ्या वळणावर माही टाच फाटली. जोड्यात ओलं लागलं. खुब्याचं तं सांगतच नाही. मी राह्यलो मांगं, विक्की पुढं गेला, रव्या पुढं गेला. मी कठडा धरून एक पाय टाकू, मंग दुसरा घासत आणू.

दिन्या थांबला. पहिल्यांदा मांगं वळला. माह्याकडं पाह्यलं, वरून खालपर्यंत, जोड्यापर्यंत. सावकाश खाली आला, त्याच चालीनं, थप्प थप्प.

"नवे जोडे," म्हणे. "तूच तं लिवलं होतं."

"गाडीत बसतो मी."

"गाडी वरच्या वळणावर हाय. तिथपर्यंत चालाच लागन." मंग म्हणे, "ज्याचा पाय दुखन तो पुढं, कोणी का असेना. चल. हो पुढं."

"राहू दे ना गड्या."

"नेम हाय, पव्या."

मी पुढं झालो. मांगं दिन्या, विक्की, रव्या. घाट वर, ऊन तोंडावर. सावल्या मांगं. माही मले दिसत नोती, त्याईच्याही दिसत नोत्या. एक पाय, घासत दुसरा. मांगून पावलाईचा आवाज. चार माणसाईचा एकच आवाज. घास, थप्प. घास, थप्प. का मले तसा आयकू आला. कोणी तरी हासलं. का खोकललं. विक्कीच असन. विक्की तं कायलेही हासते.

मांगं पाह्यलं असतं तं कळलं असतं. पाह्यलं नाही. मान आखडली होती.

वरून एक सहलीची बस उतरून राह्यली होती, शाळेची. खिडक्याईत पोट्टे. सगळे आमच्याकडं पाहून हासले, बोटं दाखवून. मले हात करावाचा होता, दिन्यानं केला होता तसा. हात उचललाच नाही.

अमीननं गाडीत घ्यावं म्हणून मी वळणावर उभा राह्यलो. दिन्या म्हणे, "बस. कोणी शब्द बोलणार नाही." खरंच कोणी बोललं नाही. गाडीतून पाह्यलं तं तिघं आपापल्या चालीनं येऊन राह्यले होते. पण तवा तं मी पाहून राह्यलो होतो.

दिन्या किल्ल्यावर चढला. दारापर्यंत. मी खाली जोडे काढून बसलो. येतानी गाडीत दिन्यानं उरलेले पैसे वाटले, डोकशाले चाळीस. पैज जिंकलो होतो, पण मटणाचं रव्याले इचारलं नाही. त्यानंही काढलं नाही.

२१ जाने.

रव्यानं शनिवारचा व्हिडिओ टाकला. मीच पाठवला होता त्याले शनिवारी गुंजले, जेवतानी. थांबव म्हणणार होतो. अख्ख्या महागावात फिरून राह्यला. दुकानात येणारा प्रत्येक जण, "पव्या, काय चीज हाय बे तू." दोन जणाईनं रिचार्ज त्याच्याचमुळं माह्याकडं केला.

२२ जाने.

मावशी दुकानात. गर्दी होती. मले वाटलं शिव्या देईन. तिनं काउंटरवर कागद ठेवला, तोच, चिंध्या झालेला.

"वाचून दाखव ना पवन. मले वाचता येत नाही."

"मावशी, तो जुना हाय."

"माहीत हाय. आयकाचा हाय मले. त्या दिवशी लय चांगला वाचला होता."

म्या वाचला. सगळा. चाल, थांबे, गाडी, पैसे. "ही दया नाही, हिशेब हाय." एक पोट्टं मांगं फुसकन हासलं, व्हिडिओ पाह्यलेलं. मावशीनं त्याच्याकडं पाह्यलं नाही. "तुह्याशिवाय मजा नाही," वाचून झालं तवा तिनं कागदाची घडी केली, पदरात बांधली.

"दिन्या खोलीत बसला का पुन्हा?" मी इचारलं. मले खरंच माहीत करून घेवाचं होतं.

"चालाले गेला," म्हणे. "गुंजच्या रस्त्यानं. पोट्टे हासले का हात करते त्याईले."

२५ जाने., रविवार

दिन्या स्वतः आला. चालत, स्टँडवरून. टपरीवरच्याईनं तोंडं फिरवली, एकानं चाल काढली, दिन्या तिथंच थांबला, त्याची चाल पाह्यली आन म्हणे, "गुडघा जास्त वाकून राह्यला तुहा. पव्याले इचार, तो बरोबर काढते."

मंग दुकानात. म्हणे, "शनिवारचा पूर्ण व्हिडिओ पाठव. डॉक्टरले दाखवाचा हाय, त्याले चाल पाह्यची हाय मांगून."

"त्यात सगळेच..."

"माहीत हाय. तो म्हणे तीन चालीत खरी कोणती ते मी ओळखीन."

पाठवला. त्याचा फोन चालू हाय आता. जातानी म्हणे, "घाटाचा माह्याजवळ हाय."

"काय हाय?"

"अमीननं वरच्या वळणावरून काढला. तू पुढं होता तो."

"काय हाय त्यात?"

"तू पुढं होता," म्हणे. "तुले कसं दिसन."

अमीनले फोन केला. उचलला नाही. विक्कीले इचारलं, मांगं तुमी काय करत होते? विक्की हासला. पण विक्की

२९ जाने.

दुकानात कागद आला. मोत्यावानी अक्षर.

"पवन,

आमी सहस्रकुंडले जाऊन राह्यलो. १४ फेब्रुवारी. उमरखेडपर्यंत गाडी, पुढं पायी, एक मुक्काम. मी, अमीन, विक्की. रव्याले इचारलं नाही. गाडीचं भाडं वाटून, जेवणाची कॉन्ट्री वेगळी, नेम तेच. पहिला घंटा सावकाश. जुने जोडे. तुही टाच अजून भरली नसन, म्हणून तू पुढं. आमी मांगं.

ही दया नाही.

घाटाचा व्हिडिओ पाठवला. पाह्यला तरी ये, नाही पाह्यला तरी ये. निघाच्या आधीच्या गुरुवारपर्यंत सांग, मंग गाडी ठरते.

दिनेश"

व्हिडिओ आला हाय. चित्र धुरकट, मधात गोल, गोलात खाली बाण. दाबला का उतरते. धुकटात रस्ता दिसते आन पुढं एक पांढरं ठिपकं. माहे जोडे. त्याच्या मांगं तीन काळे ठिपके. तिरपे हाय का सरळ, कळत नाही. डोळ्याले लावून पाह्यलं, लांब धरून पाह्यलं.

टाच दुखते. आबानं हळद भरून दिली. म्हणे, "कायले कुथतं? लंगडं ढोर पुढंच असते. सगळे पोचतात."

आंगठा बाणावर ठेवला हाय. चार्जिंग कमी हाय.